मदत हवी आहे: आठ आठवड्यांच्या उजळणीत आधी संभाव्यता घ्यावी का?

नोकरी सांभाळून रोज दीड तास मिळतो. मशीन लर्निंगच्या मुलाखतींसाठी मी तीन आठवडे रेषीय बीजगणित, तीन संभाव्यता आणि दोन संख्याशास्त्र असे ठरवले होते. पण सराव मुलाखतीत पुढील प्रश्नावर अडलो. १०,००० व्यवहारांत १०० फसवे आहेत, मॉडेल त्यांतील ९० पकडते, मात्र ९,९०० खऱ्या व्यवहारांपैकी ९९० व्यवहारांवरही संशय घेते. तर संशयित व्यवहार खरोखर फसवा असण्याची संभाव्यता किती? मी बेधडक ९० टक्के म्हणालो. उत्तर होते ९०/१,०८०, म्हणजे सुमारे ८.३ टक्के; बेझचे सूत्र तर मला पाठ होते! आता संभाव्यता आधी घ्यावी, की सहप्रसरण मॅट्रिक्स आणि तिची आयगेनमूल्ये समजण्यासाठी दोन्ही विषय लागत असल्याने ते समांतर चालवावेत?