मदत हवी आहे : मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज, क्रियापदांच्या रिकाम्या जागांसह. एकाच जागेला दोन-तीन उत्तरे बरोबर का ठरतात?

खडूफळा

आठवीच्या वर्गासाठी सरावपत्रिका तयार करतोय. वर्गात निम्म्या मुलांची मातृभाषा मराठी नाही. औपचारिक अर्जाचा नमुना आणि काळांचा सराव एकत्र व्हावा म्हणून अर्ज पूर्ण दिला आहे, फक्त क्रियापदे गाळली आहेत. कंसातल्या धातूचे योग्य रूप मुलांनी भरायचे. मायना, विषय आणि शेवटची सही नेहमीप्रमाणे आहे. मधला मजकूर असा:

मी आपल्या शाळेत आठवी 'ब' मध्ये ______ (शिकणे). रात्री मला ताप ______ (येणे). डॉक्टरांनी विश्रांती घेण्यास ______ (सांगणे). त्यामुळे मी तीन दिवस शाळेत ______ नाही (येणे). गणिताची चाचणी ______ (असणे). नंतर मी हजर ______ (राहणे) व बुडालेला अभ्यास पूर्ण ______ (करणे). तरी मला रजा मंजूर ______ (करणे), ही विनंती.

दुसऱ्या जागेला आला, आला आहे, आला होता, येत आहे अशी चार उत्तरे आली आणि चारही वाचायला बरी वाटतात. चौथ्या जागेला येत, येणार, आलो. गुण कसे द्यायचे? की पत्रिकाच बदलायची?

रविवार_दुपार

सोपे आहे. प्रत्येक वाक्यात काळ दाखवणारा शब्द घाला. काल आला की भूतकाळ, आज किंवा रोज आला की वर्तमान, उद्या आला की भविष्य. म्हणजे प्रत्येक जागेला एकच उत्तर उरेल. सहाव्या आणि सातव्या जागांची उत्तरे 'राहील' आणि 'करेल', त्यात गोंधळ नाही.

वहीवाली

माझ्या मुलाला दोन दिवस घरी ठेवावे लागणार आहे. वरचा नमुना पालकांनी दिला तर चालेल का? कोणी भरून देईल का?

निळीशाई

रविवार_दुपार, काळ दाखवणारा शब्द हवा हे खरे, पण तेवढ्याने भागत नाही. 'काल ताप आला' बरोबर आहे, मात्र 'कालपासून' म्हटले की 'पासून'मुळे वाक्य आजपर्यंत ओढले जाते आणि भूतकाळ अडखळतो. उद्याचेही तसेच. 'उद्या गणिताची चाचणी आहे' असेच आपण म्हणतो. चाचणी उद्याची, क्रियापदाचे रूप मात्र वर्तमानकाळाचे, कारण वेळापत्रक आजच ठरलेले आहे. 'उद्या चाचणी असेल' म्हटले तर ती होईल की नाही याची शंका डोकावते, आणि अर्जात तो सूर नको.

'मी राहील' हेही चूक. 'मी'बरोबर राहीन. राहील हे तो, ती, ते यांच्यासाठी.

खडूफळा, खरी अडचण अशी की तुमच्या अर्जावर तारीख आहे, पण मजकुरात एकही तारीख नाही. अर्ज कोणत्या दिवशी लिहिला आणि रजा कोणत्या दिवसांची, हे मुलाला कळल्याशिवाय तो काळ ठरवणार कशावरून? आजारी पडलेले मूल रजेच्या पहिल्या दिवशी अर्ज पाठवते, की बरे झाल्यावर घेऊन येते? पहिल्या अर्जात 'येऊ शकणार नाही', दुसऱ्यात 'येऊ शकलो नाही'. मजकूर तोच, पण तारीख सरकली की जवळजवळ सगळी क्रियापदे बदलतात.

म्हणून आधी दिवस ठरवू. अर्जाची तारीख १० जुलै, ताप ९ जुलैच्या रात्री आला, रजा १० ते १२ जुलै, हजर १३ जुलैला. दोन्ही टोके धरून दिवस तीनच भरतात. विषयात 'तीन दिवसांची' आणि मजकुरात '१० ते १३' अशी विसंगती मुलांच्या अर्जात नेहमी सापडते, तीही या निमित्ताने पकडता येईल.

आता 'येणे'बद्दल. ताप येणे ही एका क्षणी घडणारी गोष्ट. तिला 'रात्रीपासून' जोडले तर 'आला आहे' आणि 'येत आहे' दोन्ही चालून जातात, तेव्हा कोणतेही एक चूक धरणे अन्यायाचे. यावर उपाय म्हणजे जागा दोन वाक्यांत वाटणे. घडून गेलेल्या गोष्टीसाठी 'काल रात्री ताप आला' आणि चालू असलेल्या गोष्टीसाठी वेगळे क्रियापद: 'तेव्हापासून अंगदुखीचा त्रास होत आहे'. त्रास होणे हे रेंगाळणारे आहे, तिथे 'झाला' बसत नाही, वाचतानाच खटकते.

शाईचा_डाग

नकाराच्या जागेबद्दल थोडे. 'नाही' छापून ठेवू नका. मराठीत नकार आला की क्रियापदाचे रूपच बदलते: मी येईन, पण मी येणार नाही. तयार 'नाही' पाहून मुले त्याच्यामागे होकारातले रूप डकवतात आणि 'येईन नाही' असे विचित्र काहीतरी तयार होते. ज्यांच्या घरी मराठी नाही त्यांच्याकडून तर हमखास. कंसात 'येऊ न शकणे' असे द्या आणि जागा लांब ठेवा. मग 'येऊ शकणार नाही' हे पूर्ण उत्तर मुलाला स्वतः रचावे लागते.

आणि 'मंजूर करावी' या जागेला काळ कसला विचारता? तो विध्यर्थ आहे, विनंतीचा. मुले तिथे 'करा' किंवा 'कराल' लिहितात. 'कराल' भविष्यकाळ म्हणून बरोबर, पण मुख्याध्यापकांना लिहिलेल्या अर्जात उद्धट. ती जागा भरूनच द्या, शिष्टाचाराचा नमुना म्हणून.

खडूफळा

'सांगणे'चे काय? सांगितले, सांगितले आहे, सांगितले होते, तिन्ही आली आहेत.

निळीशाई

१० जुलैच्या अर्जात 'सांगितले आहे' पहिल्या पसंतीचे, कारण सल्ला अजून लागू आहे आणि रजेचे कारणच तो आहे. 'सांगितले' लिहिणाऱ्यालाही पूर्ण गुण द्या, भाषेत ते चूक नाही. 'सांगितले होते' मात्र १३ जुलैच्या अर्जात शोभेल, विश्रांती संपल्यावर. एकच उत्तर हवे असेल तर सूचनेतच 'पूर्ण वर्तमानकाळ' असे लिहावे लागेल. मला ते आवडत नाही, मग विचार करायला उरते काय?

या वाक्यात दुसरी एक चूक लपलेली असते. मुले 'डॉक्टरांनी सांगितला आहे' लिहितात, कारण डॉक्टर पुल्लिंगी. 'नी' लागला की क्रियापद कर्त्याचे ऐकत नाही. म्हणून त्याच डॉक्टरांचे आणखी एक वाक्य घ्या: 'डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या.' इथे दिल्या, कारण गोळ्या. काळ बरोबर आणि जुळणी चूक, असे उत्तर आले तर अर्धा गुण द्यावा. पूर्ण कापला तर मुलाला वाटते काळच चुकला, आणि पुढच्या वेळी तो बरोबर असलेला काळ बदलतो.

सगळे धरून मजकूर असा करता येईल:

दिनांक : १० जुलै
विषय : आजारपणामुळे तीन दिवसांची रजा मिळण्याबाबत

महोदय,
मी आपल्या शाळेत आठवी 'ब' मध्ये (१) ______ (शिकणे). काल रात्री मला ताप (२) ______ (येणे). तेव्हापासून अंगदुखीचा त्रास (३) ______ (होणे). आज सकाळी डॉक्टरांनी गोळ्या लिहून (४) ______ (देणे). त्यांनी मला तीन दिवस विश्रांती घेण्यास (५) ______ (सांगणे). त्यामुळे १० ते १२ जुलै या दिवसांत मी शाळेत (६) ______ (येऊ न शकणे). उद्या, ११ जुलैला, आमच्या वर्गाची गणिताची चाचणी (७) ______ (असणे). १३ जुलैला मी वर्गात हजर (८) ______ (राहणे) आणि बुडालेला अभ्यास पूर्ण (९) ______ (करणे).
तरी मला वरील तीन दिवसांची रजा मंजूर करावी व चाचणी नंतर देण्याची परवानगी द्यावी, ही विनंती.

उत्तरे : शिकत आहे, आला, होत आहे, दिल्या, सांगितले आहे, येऊ शकणार नाही, आहे, राहीन, करीन. पहिल्या जागेला शिकतो किंवा शिकते हेही बरोबर.

शाईचा_डाग

एक फायदा निसटला. या आवृत्तीत मुलगा आणि मुलगी दोघांची उत्तरे एकच येतात, कारण राहीन, शिकत आहे, येऊ शकणार नाही ही रूपे लिंगाने बदलत नाहीत. कुणी 'काल मी पावसात ______ (भिजणे)' असे वाक्य घातले की भिजलो, भिजले अशी दोन उत्तरे यादीत ठेवावी लागतील. सहीच्या जागी मात्र 'आपला आज्ञाधारक विद्यार्थी / आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी' असे दोन्ही छापा. मुले छापलेले तसेच उतरवतात.

वहीवाली

आणि माझा अर्ज?

निळीशाई

तुमच्यासाठी 'मी'च्या जागी 'माझा मुलगा' येईल, मग रविवार_दुपार यांचे 'राहील' तुमच्या अर्जात अगदी बरोबर ठरते. 'मला ताप आला'चे 'त्याला ताप आला' होईल, 'येऊ शकणार नाही' तसेच राहील. रजा दोन दिवसांची आहे, तेव्हा विषय आणि तारखा दोन्हीकडे दोनच दिवस दिसू द्या. कारण आजाराचे नसेल तर डॉक्टरांची वाक्ये गाळा, त्याजागी कारण एका वाक्यात लिहा. सही पालक म्हणून तुमची, आणि मजकुरात मुलाचे नाव, इयत्ता, तुकडी.

रविवार_दुपार

'राहीन' मान्य. पण नववी जागा 'करेन' अशी हवी, 'करीन' आता कोण बोलतो?

निळीशाई

लिहिताना मी करीन धरतो. सकर्मक धातूला 'ईन' हा जुना पाठ आहे. पण करेन इतके रुळले आहे की मी गुण कापणार नाही.

शाईचा_डाग

मी तर दोन्ही उत्तरे यादीत छापते. 'करेल' तेवढे कापते.

खडूफळा

दोन्ही ठेवतो. १३ जुलैची आवृत्ती पत्रिकेच्या मागच्या बाजूला घ्यायचा विचार आहे: तोच मजकूर, फक्त तारीख बदललेली. त्यात सातवी जागा 'होती' आणि सहावी 'येऊ शकलो / शकले नाही' अशी धरली आहे. पण आठवी आणि नववी तिथे काय होईल? तेरा तारखेला मूल हजर झालेलेच असते, अभ्यास मात्र बाकी.

शाईचा_डाग

आठवीला 'आज मी वर्गात हजर ______ (होणे)', उत्तर झालो आहे / झाले आहे. नववी आहे तशीच भविष्यात ठेवा, पण 'येत्या आठवड्यात' हे शब्द जोडा, नाहीतर कुणीतरी 'केला' लिहील आणि तुम्हाला ते चूक म्हणता येणार नाही. शिवाय 'काल रात्री'चे '९ जुलैच्या रात्री', 'आज सकाळी'चे '१० जुलैच्या सकाळी' करायला आणि चाचणीच्या वाक्यातले 'उद्या' गाळायला विसरू नका. आणि तिथे रजा 'मिळण्याबाबत' नको, 'रजा मंजूर करण्याबाबत' लिहा, कारण ती घेऊन झालेली आहे.