तक्रारपत्राचा सराव घ्यायचाय : वस्तू कोणती द्यावी, नमुना कसा असावा?

शनिवारचा_वर्ग
नमस्कार मंडळी. ठाण्यात आम्ही काही जण अमराठी भाषकांना मराठी शिकवतो. वर्गात बँकेतले कर्मचारी आहेत, दोन परिचारिका आहेत, एका सोसायटीचे व्यवस्थापक आहेत. बोलण्यापुरतं मराठी सगळ्यांना जमतं, आता लेखी औपचारिक मराठी सुरू केलंय. पुढचा पाठ आहे सदोष वस्तूबद्दल दुकानाला तक्रारपत्र.

आधीच्या तुकडीला मोबाइल हा विषय दिला होता. पत्रं दोनच तऱ्हेची आली. एक, ‘तुम्ही मला फसवलं, ताबडतोब पैसे द्या.’ दुसरी, ‘आपणांस निवेदन आहे की माझ्या समस्येचे समाधान करावे.’ दोन्ही वाचून मोबाइलला नक्की झालंय काय ते कळत नाही. वस्तू कोणती सुचवाल? आणि नमुना आधी दाखवावा की लिहून झाल्यावर?

मायना
ताई, आधी साचा पक्का करून घ्या. उजव्या कोपऱ्यात पत्ता आणि तारीख, डावीकडे प्रति, मग विषय, मग सा.न.वि.वि. एवढं नीट बसलं की मजकूर आपोआप येतो. आम्हाला शाळेत असंच शिकवलं आणि आजही अडत नाही.

दहावी_अ
उजवा कोपरा आता शाळेतही राहिलेला नाही. दहावीच्या पत्रलेखनात हल्ली सगळं डावीकडून, ई-मेलच्या धर्तीवर लिहितात. नाव, पत्ता आणि ई-मेल सहीच्या खाली. सा.न.वि.वि. दुकानाला लिहिलं तर चूक नाही, पण नुसतं ‘महोदय’ पुरतं. शेवट ‘आपला विश्वासू’, लिहिणारी बाई असेल तर ‘आपली विश्वासू’. वर्गात हे एकदा फळ्यावर लिहून सोडून द्या, त्यावर तास घालवू नका.

पोच_घ्या
ग्राहक मार्गदर्शन केंद्रात बरीच वर्षं स्वयंसेवक म्हणून लोकांची पत्रं वाचली, त्यावरून लिहितो.

वस्तू मिक्सर द्या. मोबाइलचा बिघाड शब्दांत पकडायला अवघड, ‘हँग होतो’ यापुढे कोणी जात नाही. मिक्सरचा बिघाड डोळ्यांना दिसतो, कानांना ऐकू येतो, नाकाला कळतो. शिवाय तुमच्या विद्यार्थ्यांना जे सर्वात छळतं ते लिंग या एकाच वस्तूत तिन्ही तऱ्हांनी येतं. तो मिक्सर, ती मोटर, ते भांडं. म्हणजे मिक्सर बदलून मिळावा, रक्कम परत मिळावी, भांडे बदलून मिळावे. तिन्ही एकाच पत्रात घासून होतात.

आता बिघाड. भांड्याच्या तळाशी, पात्याचा दांडा जिथून खाली उतरतो, तिथलं सील नीट बसलेलं नसलं की ओलं वाटण वाटताना पाणी खाली गळतं आणि मोटरवरच्या खाचेत उतरतं. थोड्या वेळाने करपल्याचा वास येतो, मिक्सर बंद पडतो, आणि तळाचं लाल बटण दाबल्याशिवाय सुरू होत नाही. ते बटण जादा भार आला की उडतं. विद्यार्थ्याला हे सगळं याच क्रमाने लिहायला लावा : काय वाटत होतो, भांडं किती भरलं होतं, किती वेळाने काय झालं. ‘निकृष्ट’, ‘भंगार’, ‘फसवणूक’ हे शब्द पहिल्या खर्ड्यात बंद ठेवा. ते काढले की लिहिणाऱ्याला बघितलेलं सांगण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

भांडं किती भरलं होतं हे का लिहायचं? दुकानदाराचं पहिलं उत्तर ठरलेलं असतं, ‘तुम्ही जास्त भरलं असेल.’ माहितीपुस्तिकेतल्या खुणेपर्यंतच भरलं होतं असं पत्रातच असलं की तो प्रश्न तिथेच संपतो.

क्रियापदही नीट निवडायला शिकवा. ‘मिक्सर खराब झाला’ म्हटलं की वापरता वापरता झाला असा अर्थ निघतो. ‘मिक्सर सदोष निघाला’ म्हटलं की दोष आधीपासून होता. तुमचे विद्यार्थी सरसकट ‘झाला’ लिहितील आणि न कळत दोष स्वतःवर घेतील.

मागणीचंही तसंच. ‘बदलून द्या’ हा हुकूम, ‘कृपया बदलून द्याल का’ ही विचारणा. पत्रात ‘बदलून मिळावा’. हक्क सांगितला जातो आणि आवाजही चढत नाही.

मुलुंडचा_मी
सगळं ठीक, पण पत्र मुळात दुकानाला लिहायचंच कशाला? वॉरंटी कंपनीची असते. दुकानदार फक्त विकतो. विद्यार्थ्यांना कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला पत्र लिहायला शिकवा, नाहीतर चुकीची सवय लागेल.

पोच_घ्या
मुलुंडकर, दुरुस्तीसाठी सर्व्हिस सेंटर हे बरोबर. महिना-दोन महिन्यांनी काही झालं तर बहुतेक वेळा तोच सरळ रस्ता. पण पैसे दुकानाने घेतले आणि पावती दुकानाने दिली, त्यामुळे सदोष माल विकल्याबद्दल त्याला विचारता येतं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सदोष माल परत घ्यायला आणि पैसे परत द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. मुदत पावतीवर छापलेली असेल ती, काहीच छापलेलं नसेल तर ३० दिवस. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही ओळ सदोष मालाला लावून चालत नाही.

म्हणून सरावाच्या पत्रात खरेदी आणि तक्रार यांच्यात आठवड्याचंच अंतर ठेवा. चार महिने ठेवलंत तर पत्राचा सूर आणि मागणी दोन्ही बदलतात. हवं तर खाली कंपनीला प्रत टाका, म्हणजे दोघांना कळतं.

सविता_ना
मला पण असंच पत्र लिहून द्याल का? आमचं वॉशिंग मशीन पाणी सोडत नाही. दुकानदाराने पक्कं बिल दिलंच नाही, साध्या कागदावर आकडा लिहून दिलाय. आता तो म्हणतो बिल आणा.

पोच_घ्या
सविताताई, पैसे यूपीआयने दिले असतील तर त्याची नोंद, वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का असेल तर तो, आणि तो कागद, सगळ्यांचे फोटो काढून ठेवा. बिल न देणं हीसुद्धा कायद्याने अनुचित प्रथाच आहे, ते पत्रात दुसऱ्या परिच्छेदात लिहा. आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन लावा. वेगळा धागा काढलात तर तपशिलात बोलू.

शनिवारचा_वर्ग
मिक्सर पक्का. नमुना मात्र कोणीतरी लिहून दाखवा, म्हणजे मी विद्यार्थ्यांच्या पत्रांशी ताडून बघेन.

पोच_घ्या
घ्या. नावं परीक्षेतल्यासारखी ठेवली आहेत.

दिनांक : १० जून २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
क्ष इलेक्ट्रिकल्स, ठाणे (पश्चिम)

विषय : सदोष मिक्सर बदलून मिळण्याबाबत
संदर्भ : पावती क्र. ११४७, दि. ३ जून २०२५

महोदय,

वरील पावतीनुसार मी आपल्या दुकानातून ७५० वॅटचा मिक्सर रु. ३,८५० रोख देऊन खरेदी केला.

दि. ५ जून रोजी मिक्सर प्रथमच वापरला. मधल्या भांड्यात ओले खोबरे व पाणी माहितीपुस्तिकेतील खुणेपर्यंत घेतले होते. साधारण एका मिनिटात भांड्याच्या तळातून पाणी गळू लागले व मोटरवरील खाचेत उतरले. त्यानंतर करपल्याचा वास येऊन मिक्सर बंद पडला. तळाचे लाल बटण दाबल्यावर तो सुरू झाला, परंतु दुसऱ्या दिवशी पुन्हा तसेच घडले. मिक्सर तेव्हापासून वापरलेला नाही.

दि. ७ जून रोजी मिक्सर घेऊन दुकानात आलो असता, विकलेला माल परत घेतला जात नाही असे सांगण्यात आले. मिक्सर मुळातच सदोष असल्याने हे मला मान्य नाही.

तरी हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत मिक्सर बदलून मिळावा. ते शक्य नसल्यास भरलेली संपूर्ण रक्कम परत मिळावी. अन्यथा ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागेल, याची नोंद घ्यावी.

आपला विश्वासू,
अ. ब. क.
(पत्ता, दूरध्वनी, ई-मेल)

सोबत : पावतीची व वॉरंटी कार्डाची छायाप्रत, गळतीची दोन छायाचित्रे

यात ‘सांगण्यात आले’ मुद्दाम घातलं आहे. काउंटरवर कोण बोललं हे माहीत नसताना ‘तुम्ही म्हणालात’ लिहिलं की व्यवस्थापक ‘मी नव्हतो’ म्हणून मोकळा होतो. पण ‘मला मान्य नाही’ हे सरळ कर्त्यासकट, कारण तिथे माणूस दिसायला हवा. कर्मणी प्रयोग सगळीकडे पेरला की पत्राचं परिपत्रक होतं.

आणि मूळ पावती कधीही जोडायची नाही, ही गोष्ट वर्गात आवर्जून सांगा. मूळ कागद गेला की हातात काही राहत नाही. पत्राच्या दोन प्रती काढून एकीवर दुकानाचा शिक्का, सही आणि तारीख घ्यायची. शिक्का द्यायला नकार दिला तर पोस्टाने पाठवायचं आणि पोस्टाची पावती पत्राच्या प्रतीला टाचून ठेवायची. आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते, तोवर हेच कागद कामाला येतात.

दहावी_अ
उत्तम. फक्त ‘अन्यथा ग्राहक आयोगाकडे’ हे वाक्य पहिल्याच पत्रात मला खटकतं. दुकानदार अजून लेखी काही म्हणालेला नाही. धमकी आधीच दिली तर तो उत्तर द्यायचंही टाळेल. मी ते दुसऱ्या पत्रासाठी राखून ठेवेन.

पोच_घ्या
तोंडी नकार आलेलाच आहे, म्हणून ठेवलं. दुकानात न जाता थेट पत्र लिहिलं असतं तर मीही काढलं असतं.

मुलुंडचा_मी
मी दहावी_अ यांच्या बाजूने. ओळखीच्या दुकानात अशी ओळ गेली की पुढच्या वेळी तो दारात उभं करणार नाही.

शनिवारचा_वर्ग
मग हे वर्गातच ठेवते. अर्ध्या जणांनी त्या वाक्यासह पत्र लिहायचं, अर्ध्यांनी त्याशिवाय, आणि पत्रांची अदलाबदल करून समोरच्याने दुकानदार म्हणून उत्तर लिहायचं. नमुना त्यानंतरच दाखवीन.

एक शंका उरलीच. उत्तरात दुकानदाराने ‘फक्त भांडे बदलून देऊ’ म्हटलं तर विद्यार्थ्याने काय लिहावं? पाणी मोटरमध्ये आधीच गेलेलं आहे.

पोच_घ्या
भांडं घ्यावं, पण ‘मोटरची तपासणी करून तसे लेखी मिळावे’ या अटीवर. नुसतं ‘चालेल’ लिहून दिलं आणि महिनाभराने मोटर जळली, तर तक्रार मिटली होती असं दुकानदार म्हणणार. ते उत्तरही लिहूनच घ्या त्यांच्याकडून, तीन-चार ओळींचं.