मदत हवी आहे: सीपीआर शिकवायला आलेल्या डॉक्टरांना अभिप्राय कसा कळवू?

नीलमोहर:
मुलुंडला आमच्या सोसायटीत मागच्या रविवारी सीपीआरची कार्यशाळा झाली. वेळ १० ते १२, माणसं ४२. बरेचसे साठीपुढचे, थोडी तरुण मंडळी आणि दोन वॉचमन. शिकवायला एक निवृत्त डॉक्टर आले होते, मानधन न घेता. पुढच्या महिन्यात बी विंगसाठी तेच येणार आहेत. निघताना म्हणाले, "काय बदलायला हवं ते मोकळेपणाने कळवा." कमिटीने हे काम माझ्या गळ्यात घातलं.

फॉर्म भरून घेतले होते. पाचपैकी सरासरी साडेचार. शेरे म्हणाल तर "खूप छान", "उपयुक्त माहिती", आणि एकाचा "चहा गार होता". यातून त्यांना कळवू काय? मला स्वतःला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, पण बोट ठेवता येत नाहीये.

घड्याळाप्रमाणे सांगते. १०.१५ ला सुरुवात. ११.०५ पर्यंत स्लाइड्स: हृदयाचे कप्पे, झडपा, रक्तपुरवठा. मग परदेशातल्या पोहण्याच्या तलावावरचा व्हिडिओ. त्यानंतर प्रश्न, आणि ते गेले बीपीच्या गोळ्यांवर. ११.३५ ला डमी बाहेर काढल्या, दोन. सोळा-सतरा जणांनी हात लावून पाहिला आणि बारा वाजले.

सतीश_ठाणे:
सोपं आहे. आधी कौतुक, मध्ये सूचना, शेवटी पुन्हा कौतुक. ज्येष्ठ माणूस, त्यात फुकट आलेला, दुखवायचं कशाला?

खडूफळा:
बोट तुम्हीच ठेवलंय, शेवटच्या ओळीत. बेचाळीसपैकी पंचवीस जण हात न लावता घरी गेले. सीपीआर हे हाताचं काम आहे. फॉर्मवर "कसं वाटलं" विचारलं की लोक पाहुण्याचा स्वभाव पाहून गुण देतात. (मी कारखान्यांमध्ये सुरक्षेचं प्रशिक्षण देतो आणि दुसऱ्यांची सत्रं मागे बसून पाहतो, त्यावरून सांगतोय.)

आधी वेळेचं गणित करा, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. एकाला दोन मिनिटं डमीची छाती दाबू द्यायला हवं. खऱ्या प्रसंगातही साधारण दोन मिनिटांनी दाबणारा बदलतात, आणि दमछाक काय असते ते तेवढ्या वेळातच कळतं. उठून दुसऱ्याने बसायला एक मिनिट. म्हणजे माणशी तीन. दोन डमींवर एकवीस-एकवीस जण, म्हणजे ६३ मिनिटं. बाराला संपवायचं तर थोडी सवड धरून पावणेअकराला डमी जमिनीवर हव्यात. "प्रात्यक्षिकाला वेळ कमी पडला" असं लिहिलंत तर डॉक्टर पुढच्या वेळी दहा मिनिटं वाढवतील. हे गणित लिहिलंत तर त्यांना स्वतःलाच दिसेल की स्लाइड्स निम्म्याहून कमी करायला हव्यात, नाहीतर आणखी दोन डमी आणायला हव्यात.

चिंचगुळ:
मी बँकेत एक्सेल शिकवते. मागच्या वेळी कोणीतरी लिहिलं, "मॅडम फार भरभर बोलतात." कुठे भरभर, कशात भरभर? दोन दिवस डोक्यात तेच, आणि पुढच्या वेळी सगळंच हळू केलं तर निम्मे लोक मोबाइल काढून बसले. तेव्हा गतीबद्दल काही लिहायचं तर नेमकी जागा सांगा.

नीलमोहर:
जागा आहे एक! माणूस आचके देत असेल तर तो नीट श्वास घेतोय असं समजू नका, असं ते एका वाक्यात म्हणून पुढे गेले. संध्याकाळी खाली चौघांना सहज विचारलं. तिघं म्हणाले, "श्वास चालू असेल तर दाबायचं नाही ना." दाबायचा वेग मात्र सगळ्यांना पाठ: मिनिटाला १०० ते १२०.

खडूफळा:
हा तुमच्या फॉर्मच्या गठ्ठ्यापेक्षा मोलाचा पुरावा. अचानक हृदय थांबलेल्या माणसाला सुरुवातीला तसे आचके येऊ शकतात, आणि त्यामुळेच बघणारे थांबून राहतात. तिथे त्यांनी गाडी हळू करायला हवी होती, आचक्यांचा व्हिडिओ दाखवून "दाबाल की थांबाल?" म्हणून हात वर करायला लावायला हवे होते. झडपांवर भरभर गेले असते तरी कोणाचं काही अडलं नसतं. चौघांशी बोललात ते जसंच्या तसं कळवा, नावं न घेता.

देवगडहापूस:
आमच्या बिल्डिंगलाही करायचंय. डमी कुठे मिळतात भाड्याने? आणि सर्टिफिकेट देतात का?

नीलमोहर:
देवगडहापूस, डमी डॉक्टरांच्याच होत्या. वेगळा धागा काढाल का, इथे विषय भरकटेल.

मधलीआळी:
तलावाच्या व्हिडिओबद्दल लिहाच. तिथे जीवरक्षक आहे, भिंतीवर शॉक द्यायचं यंत्र आहे. आपल्याकडे आजोबा तिसऱ्या मजल्यावर मऊ गादीवर, लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं जात नाही, आणि गेटवर डबल पार्किंग. गादीवर दाबलं तर गादीच खाली जाते, छाती हवी तशी पाच-सहा सेंटिमीटर दबत नाही. आधी जमिनीवर घ्यावं लागतं, हे कोणी करून दाखवलं का?

नीलमोहर:
नाही. बोलले, दाखवलं नाही.

खडूफळा:
मग उदाहरणाची सूचना तयार आहे: व्हिडिओऐवजी तुमच्याच इमारतीतला प्रसंग. त्यातूनच लोकांना कामाला लावता येतं. "समजलं का?" विचारलं की सगळे माना डोलावतात. त्याऐवजी तिघांचा गट करा. एक दाबेल, एक मोठ्याने मोजेल आणि छाती पूर्ण वर येतेय का ते पाहील, तिसरा १०८ ला फोन केल्यासारखं करून पत्ता सांगेल, विंग आणि जवळच्या खुणेसकट. ज्यांना गुडघ्यावर बसता येत नाही त्यांनाही काम मिळतं, आणि रांगेत थांबलेले गप्पा मारत बसत नाहीत.

सतीश_ठाणे:
एवढं सगळं पाठवलंत तर डॉक्टर परत यायचे नाहीत. कौतुकाचं काय?

खडूफळा:
कौतुक खरं आणि नेमकं असेल तर हवंच. "खूप छान" नको. आणि सूचना तीनच: वेळ, आचके, इमारतीतला प्रसंग. बीपीच्या गोळ्यांत त्यांचा दोष नाही. ते प्रश्न चिठ्ठीवर घेऊन शेवटी ठेवायचे, हे आयोजकांनी सांभाळायचं.

नीलमोहर:
असं लिहिलंय, बघा:

"सर, तुम्ही स्वतः सतरंजीवर बसून हात कुठे ठेवायचे ते दाखवलंत, त्यामुळे बायकांचा संकोच गेला. बी विंगच्या वेळी तीन गोष्टी करता येतील का? डमी ११.३५ ला आल्यामुळे ४२ पैकी साधारण २५ जणांना हात लावता आला नाही. माणशी तीन मिनिटं आणि थोडी सवड धरली तर १०.४५ पासून सुरुवात लागेल. दुसरं, संध्याकाळी चौघांना विचारलं तर तिघांना आचके म्हणजे चालू श्वास वाटला. तिथे थोडं थांबून लोकांनाच विचारता येईल का? तिसरं, व्हिडिओऐवजी आमच्या तिसऱ्या मजल्यावरचा प्रसंग घेऊ, गादीवरून खाली घेण्यापासून. गोळ्यांचे प्रश्न आम्ही चिठ्ठीवर घेऊन शेवटी देऊ."

मधलीआळी:
उत्तम. पण व्हॉट्सअ‍ॅपवर नको, फोन करा. लिखित आलं की तक्रार वाटते.

खडूफळा:
माझं मत उलट. आकडे फोनवर राहत नाहीत. पाठवा आणि मग फोन करा.

नीलमोहर:
पाठवून फोन केला. वेळेचं लगेच पटलं, आणखी दोन डमी मिळतात का बघतो म्हणाले. स्लाइड्स कमी करायला मात्र तयार नाहीत: "कारण कळल्याशिवाय लोक दाबायला घाबरतात." त्यात तथ्य असेलही. आता प्रश्न उरला आमच्या विंगमधल्या त्या पंचवीस जणांचा. त्यांना बी विंगच्या दिवशी बोलावलं तर गणित पुन्हा बिघडतं. कोणी अर्ध्या तासाचं नुसतं सरावाचं सत्र घेतलंय का?