मदत हवी आहे: आठवा महिना, पायांना सूज, शाळेत दिवसभर उभं राहायचं. पायात काय घालू?

तापीकाठची
नमस्कार. मी चोपडा तालुक्यातल्या एका जि.प. शाळेत शिकवते. एकतिसावा आठवडा चालू आहे, पहिलीच खेप. एप्रिलचं ऊन तुम्हाला माहीतच आहे. शाळा सकाळची असली तरी दुपारी घरी येईपर्यंत पाय असे सुजतात की सँडलच्या पट्ट्यांचे वळ उमटतात. घोट्याच्या वर बोट दाबलं की खळगा पडतो आणि थोडा वेळ तसाच राहतो. रात्री झोपून उठलं की सूज बरीच उतरलेली असते.

डॉक्टरांना दाखवलं आहे. बीपी ठीक आहे, लघवीची तपासणीही ठीक आहे. ही नेहमीची सूज आहे, पाय उंच ठेवून बसा आणि मोकळं काहीतरी घाला, असं ते म्हणाले.

माझा नंबर पाच. जुने सँडल आता चढतच नाहीत, म्हणून बाजारातून सात नंबरची चप्पल आणली. बोटांना आराम पडला, पण टाच मागून निसटते. परवा वऱ्हांड्याच्या पायरीवर पाय चपलेतून सरकला आणि तोल गेला. खांब हाताशी होता म्हणून वाचले. त्यातून आमच्याकडे वर्गात जाताना पायातलं बाहेर काढायचं असतं. दर तासाला काढघाल होते आणि वाकून बंद लावणं आता जमत नाही.

चप्पल, सँडल की बूट? कुठल्या नंबरची? बजेट हजार-दीड हजार. जळगावला जाऊन घेऊ शकते.

भुसावळची_वहिनी
अगं, सरळ डॉक्टर चप्पल घे, मेडिकलमध्येसुद्धा मिळते. मी दोन्ही वेळेला तीच घातली. नियम एकच, जितकी मऊ तितकी चांगली, आणि टाच अजिबात नको, एकदम सपाट. हाताने दाबल्यावर गादीसारखी दबली पाहिजे.

पारोळ्याची_मावशी
माय वं, चपलेचं नंतर बघ, आधी बोटातली जोडवी काढून ठेव. माझ्या सुनेची अशीच राहिली होती. नवव्या महिन्यात बोट इतकं सुजलं की जोडवं कापून काढावं लागलं. आत्ता सकाळी सूज कमी असताना साबण लावून निघतील. पैंजण घट्ट होत असतील तर तेही काढ. बाळंतपणानंतर परत घालता येतात, त्यात अशुभ काही नाही.

अमळनेर_कट्टा
माझ्या आईला शुगर आहे, तिचेही पाय सुजतात आणि रात्री तळव्यांची आग होते. तिच्यासाठी दुकानदाराने निळ्या तळाची मऊ चप्पल दिली होती. तुम्हाला तीच चालेल का? आणि आईसाठी अजून काही चांगलं असेल तर सांगा.

धुळे_फिजिओ
अमळनेरकर, आईंच्या पायाचा प्रश्न वेगळा आहे. शुगरमध्ये तळव्याची संवेदना कमी होते, त्यामुळे जखम होऊ नये म्हणून मऊ तळ देतात. त्यांचे पाय आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या आणि वेगळा धागा काढा, तिथे नीट लिहितो.

ताई, तुमच्या बाबतीत एकाच वेळी दोन गोष्टी होत आहेत. पहिली सूज. अंगातलं पाणी वाढलेलं असतं आणि पोटाचा भार पायांकडून वर येणाऱ्या मोठ्या शिरेवर पडतो. त्यामुळे उभं राहिलं की आणि ऊन वाढलं की पाणी पायात साठतं. दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. या काळात सांध्यांचे बंध सैल होतात आणि वजनही वाढतं, म्हणून तळव्याची कमान खाली बसते. पाऊल लांबीला आणि रुंदीलाही थोडं वाढतं. नुसती सूज असती तर मऊ, मोकळी चप्पल पुरली असती. पण कमान बसल्यावर घोटा आत कलतो, आणि पोट पुढे आल्याने तोलही बदललेला असतो. अशा वेळी टाचेला धरून ठेवणारं काहीतरी लागतं.

म्हणून वहिनींच्या सल्ल्यातलं निम्मं घ्या. उंच टाच नको हे बरोबर. पण एकदम सपाट पातळ चपलेत पोटरी आणि तळव्याची शीर ताणली जाते, सकाळी पहिलं पाऊल टेकताना टाच दुखू लागते. टाच पुढच्या भागापेक्षा एक-दोन सेंटीमीटर उंच आणि खालून रुंद असली तर बरं. मऊपणाचंही तसंच. बोटांखाली मऊ चालेल, पण टाचेखाली फार मऊ असेल तर पाऊल टेकताना घोटा डुगडुगतो. चार-पाच सेंटीमीटर जाड फोमचा तळ हल्ली फार दिसतो, तो टाळाच. त्यावरून पाय मुरगळला की जोरात मुरगळतो.

मागून उघडी चप्पल का नको, हे तुमच्या पायरीवरच्या प्रसंगातून दिसतंच आहे. ती पायात ठेवण्यासाठी माणूस नकळत बोटं आवळून चालतो. पाऊल नीट उचललं जात नाही आणि पायरीची कड चुकते. मागे पट्टा हवाच.

दुकानात हातात घेऊन तीन गोष्टी बघा. पुढची आणि मागची बाजू धरून कापड पिळतो तशी पिळा, सहज पिळली गेली तर ठेवून द्या. मग पुढून वाकवून बघा. बोटं जिथे वाकतात तिथेच ती वाकली पाहिजे, मधोमध दुमडता कामा नये. बूट घेत असाल तर टाचेमागचा भाग अंगठ्याने दाबा, तो लगेच चेपला जाऊ नये.

आणि सुजेबद्दल एक सांगून ठेवतो. सूज एकाच पायाला आली आणि पोटरी दुखायला लागली, किंवा अचानक चेहरा आणि हात सुजले, डोकं ठणकू लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, बरगडीखाली दुखू लागलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. मागच्या वेळी बीपी ठीक होता म्हणून थांबू नका.

तापीकाठची
सर, मनापासून आभार. दोन्ही पायांना सूज सारखीच आहे, पोटरी दुखत नाही. जोडवी आज सकाळीच काढली, मावशी. एक निघालं, दुसऱ्याला बराच वेळ लागला. पण नंबर कसा ठरवू? सहा, सात की आठ?

चप्पलवाला_जळगाव
ताई, माझं दुकान आहे, पण इथे धंदा करायला आलो नाही. नंबर विसरा, सेंटीमीटर घ्या. एका कंपनीचा सहा दुसरीच्या सातएवढा निघतो.

संध्याकाळी, पाय सुजलेले असताना, फरशीवर कागद ठेवून उभ्या राहा. बसून माप घेऊ नका, उभं राहिल्यावर पाऊल पसरतं. तुम्हाला वाकता येणार नाही, म्हणून घरातल्या कोणाला तरी पेन्सिल उभी धरून कड काढायला सांगा. टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंत आणि सर्वांत रुंद जागी आडवं, अशी दोन मापं घ्या. दोन्ही पायांची घ्या आणि मोठा पाय धरा.

तापीकाठची
काल संध्याकाळी नणंदेने माप घेतलं. डावा २४.२, उजवा २४.५. रुंदी उजव्याची ९.८. सकाळी मोजली तेव्हा रुंदी ९.२ होती. जुन्या सँडलचा आतला तळ २४.५ भरला.

चप्पलवाला_जळगाव
मग सगळं समोरच आहे. तुमचा उजवा पाय तळाच्या पार टोकाला टेकतोय. पुढून उघड्या सँडलला बोटापुढे पाऊण-एक सेंटीमीटर जागा हवी, बंद बुटाला एक ते सव्वा. म्हणजे सँडलचा आतला तळ सव्वापंचवीस ते साडेपंचवीस. एका नंबरमागे साधारण साडेआठ मिलिमीटर वाढतात, म्हणून जुन्याच कंपनीत सहा नंबर होईल. सात घेतला तर तळ सव्वासव्वीसवर जातो, मग टाच खेळते.

तुम्हाला लांबी कमी आणि रुंदी जास्त कमी पडतेय. गिऱ्हाईक इथेच फसतं. रुंदी हवी म्हणून नंबर वाढवत जातं आणि लांबीच वाढते. रुंद बांध्याची मागा. ती नसेल तर पुढे, घोट्यावर आणि मागे, तिन्ही ठिकाणी वेल्क्रो असलेला सँडल घ्या. सकाळी आवळा, दुपारी सैल करा. वेल्क्रो सूज चढलेल्या पायावर लावून बघा, टोकाला जेमतेम चिकटत असेल तर नवव्या महिन्यात पुरणार नाही. तळ रबराचा आणि खाचांचा हवा. गुळगुळीत चकचकीत तळ ओल्या फरशीवर हमखास सटकतो.

माझं मत विचाराल तर बूटच घ्या, टाच त्यातच नीट धरली जाते.

धुळे_फिजिओ
बुटाबद्दल मी पूर्ण सहमत नाही. टाच बुटात चांगली धरली जाते हे खरं, पण दर तासाला काढायचा आणि ४३-४४ डिग्रीत मोजे घालायचे? मग त्या मागचा भाग दुमडून त्याची चप्पलच करतील. वेल्क्रोचा सँडल रोज नीट लावला जाईल.

बाजारातला कमानीचा तयार पॅड आत घालणार असाल तर आधी सँडलमध्ये तेवढी खोली आहे का ते बघा. तंग सँडलमध्ये पॅड घातला तर पाऊल वर उचललं जातं आणि पट्ट्या आणखी रुततात.

भुसावळची_वहिनी
सर, पण माझं डॉक्टर चपलेवर सगळं निभावलं. सगळ्यांना कशाला पट्टे न् बिट्टे?

धुळे_फिजिओ
निभावलं असेल, वहिनी, नाही म्हणत नाही. तुम्ही घरात सपाट फरशीवर होतात का? या ताईंना पायऱ्या आणि खडीचं पटांगण आहे. घरात त्यांनी डॉक्टर चप्पल वापरावी, फक्त मागे पट्टा असलेली घ्यावी, तशीही मिळते.

तापीकाठची
काल जळगावला फुले मार्केटमध्ये जाऊन आले. मुद्दाम संध्याकाळी गेले. पहिल्या दुकानात सात नंबर पुढे केला, मी कागदावरची कड दाखवली तर मालक हसले. दुसऱ्या ठिकाणी तीन वेल्क्रोंचा सहा नंबर मिळाला, आतला तळ २५.४, अकराशेत. पिळून बघितला, पिळला जात नाही. टाच हलत नाही.

आता दोन अडचणी उरल्या. मागचा वेल्क्रो वाकल्याशिवाय लागत नाही. आणि वर्गात अनवाणी उभी राहिले की पोटऱ्या भरून येतात, ते तसंच आहे.

चप्पलवाला_जळगाव
मागचा पट्टा सकाळी एकदा बेताचा लावून ठेवा आणि काढघाल फक्त पुढच्या दोन पट्ट्यांनी करा. खुर्चीत बसून, पाय दुसऱ्या गुडघ्याकडे न नेता छोट्या स्टुलावर ठेवून.

पारोळ्याची_मावशी
वर्गासाठी एक वेगळी स्वच्छ जोडी ठेव, फक्त आतच वापरायची. मुख्याध्यापकांना विचार, ते बाई असोत की बुवा, नाही म्हणणार नाहीत.

तापीकाठची
सोमवारी विचारते, मावशी. एक शेवटचं: पाऊल लांबीला वाढलंय ते परत पहिल्यासारखं होतं का? जुने सँडल ठेवू की देऊन टाकू?

धुळे_फिजिओ
सूज बाळंतपणानंतर काही आठवड्यांत उतरेल. लांबीचं मात्र सांगता येत नाही. काहींची पूर्ववत होते, काहींना कायम अर्धा-एक नंबर मोठा लागतो, पहिल्या खेपेनंतर विशेष. आत्ता देऊ नका. बाळ पाच-सहा महिन्यांचं झालं की पुन्हा कागदावर कड काढा आणि मग ठरवा.