केस ७५ सेंटिमीटरवरच अडतात: ही अंतिम लांबी की तुटणे?

माझे केस दोन वर्षांपासून कमरेपाशी, सुमारे ७५ सेंटिमीटरवर थांबले आहेत. मात्र वर्षापूर्वी मुळापर्यंत लावलेल्या मेंदीची कड आता टाळूपासून १४ सेंटिमीटर खाली आली आहे, म्हणजे मुळाशी वाढ चालूच आहे.

माझ्या समजुतीप्रमाणे अंतिम लांबी म्हणजे वाढीचा वेग गुणिले एका केसाच्या वाढीचा काळ. त्या हिशेबाने माझा वाढीचा काळ साधारण साडेपाच वर्षांचा निघतो, आणि तो अशक्य नाही. परंतु आठवडाभर विंचरताना गळलेले केस जमवले, तेव्हा मुळाशी पांढरा कंद असलेल्या बहुतेक केसांची टोके दुभंगलेली आढळली, आणि कंद नसलेले चार-पाच सेंटिमीटरचे तुकडेही बरेच मिळाले.

चौदा महिने केस कापलेले नाहीत, रात्री सैल वेणी घालते, उष्णतेची उपकरणे वापरत नाही. रक्ततपासणीही व्यवस्थित आहे. सध्या केस कापायचे नाहीत.

कंदासह गळलेला सर्वांत लांब केसही ७५ सेंटिमीटरचाच असून त्याचे टोक दुभंगलेले असेल, तर ती माझी अंतिम लांबी मानावी, की टोके झिजत असल्यामुळे खरी मर्यादा अद्याप दिसलेलीच नाही असे समजावे?