बाथरूमचा एक्झॉस्ट: आकडा बघून चालवायचा की चढ बघून?

मनीषनगरकर
नागपूर, वरचा मजला, बेडरूमला लागून बाथरूम. एक्झॉस्टला रिले जोडलाय, आत एसएचटी३१ सेन्सर, ईएसपीहोमवरून सगळं होम असिस्टंटमध्ये येतं. आर्द्रता ६५ च्या वर गेली की पंखा चालू, ६० च्या खाली आली की बंद. मे महिन्यात टाकीच्या कडक पाण्याने अंघोळ झाली तरी पंखा लागायचा नाही, आणि आता जुलैत तो दिवसरात्र बंदच होत नाही. आर्द्रता किती आहे ते सोडून ती किती वेगाने चढतेय यावर पंखा लावला तर बरोबर ठरेल का? की उगाच गुंतागुंत?

रेशीमबागकर
वेगावरच लावा. आपल्याकडे एकच आकडा बारा महिने पुरणं शक्य नाही. मेमध्ये बाथरूम २०-२५ वर असतं, अंघोळीत ४५-५० ला जातं आणि परत येतं. ६५ ची गाठच पडत नाही. जुलैत बाहेरचीच हवा ८५ ची. पंखा आतली ओली हवा बाहेर फेकतो आणि तिच्या जागी बाहेरची ओली हवा घेतो, मग ६० येणार कुठून?

आता वेग बघा. पावसाळ्यात हवा तीन तासांत ६० वरून ९० ला गेली असं धरा. हा मोठा बदल आहे, तरी मिनिटाला जेमतेम ०.१७ पडतो. शॉवर सुरू झाला आणि तीन मिनिटांत ८४ चे ९१ झाले, तर मिनिटाला २.३. मेमध्ये २२ चे ३४ झाले तर मिनिटाला ४. म्हणजे ऋतू कुठलाही असो, आभाळाचा वेग आणि अंघोळीचा वेग यांत दहापटीहून जास्त अंतर राहतं. १ वर रेघ ओढली की दोन्ही बाजूंना भरपूर जागा उरते.

मात्र हा वेग लागोपाठच्या दोन वाचनांतून काढू नका. दहा सेकंदांत वाचन नुसतं ०.३ ने हललं तरी हिशेबात मिनिटाला १.८ दिसतं आणि पंखा विनाकारण लागतो. तीन मिनिटांचा टप्पा धरला की तोच ०.३ मिनिटाला ०.१ होऊन जातो. पंखा एकदोन मिनिटं उशिरा लागेल, त्याने काही बिघडत नाही.

```yaml
sensor:
  - platform: derivative
    name: Bathroom humidity rate
    source: sensor.bathroom_humidity
    unit_time: min
    time_window: "00:03:00"
    round: 2
```

ईएसपीहोममध्ये आर्द्रतेच्या सेन्सरला `force_update: true` द्या. नाहीतर वाचन तेच राहिलं की नवी नोंद होत नाही आणि वेगाचा जुना आकडा तसाच अडकून बसू शकतो.

टायमरवाले काका
मला हा सगळाच खटाटोप अनाठायी वाटतो. बाथरूमचा दिवा लावला की पंखा चालू, दिवा बंद केल्यावर आणखी २० मिनिटांनी पंखा बंद. ना सेन्सर, ना आर्द्रता. रेशीमबागकर स्वतःच सांगतायत की पावसाळ्यात पंखा हवा बाहेरच्यापेक्षा कोरडी करूच शकत नाही. मग मोजून मिळवायचं काय? वाफ उठली ती बाहेर काढायची, आणि त्याला लागतो तो वेळ. वेळ मोजायला घड्याळ पुरतं.

रेशीमबागकर
काका, पावसाळ्याबद्दलचं तुमचं अर्धं म्हणणं मला पटतं, पंखा थांबवायला घड्याळ लागतंच. पण दिव्याला बांधायला माझा विरोध आहे. दिवसातून किती वेळा कोणी नुसते हात धुवायला जातं. दर वेळी २० मिनिटं पंखा फिरणार, आणि सकाळी उजेडात दिवा न लावता अंघोळ केली तर फिरणारच नाही. जिथे गरज आहे तिथे गैरहजर आणि गरज नाही तिथे हजर.

स्नेहलता
आमच्या बाथरूममध्ये गॅस गिझर आहे आणि एक्झॉस्ट लावायचं विसरायला होतं. असं केलं तर गिझर सुरू झाला की पंखा आपोआप लागेल ना? म्हणजे काळजी मिटेल.

रेशीमबागकर
ताई, नाही. कृपा करून यावर विसंबू नका. गॅस गिझरचा धोका कार्बन मोनॉक्साइडचा. त्याला वास नाही, रंग नाही, आणि आर्द्रतेच्या सेन्सरला तो कळत नाही. तुम्ही गरम पाणी बादलीत काढत असाल तर वाफ धरायच्या आधीच गिझर बराच वेळ जळलेला असतो. गिझर बाथरूमच्या बाहेर, बाल्कनीत किंवा उघड्या डक्टमध्ये हलवून फक्त पाइप आत घ्या. तो हलेपर्यंत बादली भरताना दार-खिडकी उघडी ठेवा आणि गिझर बंद करूनच अंघोळीला जा. बाकी चर्चा तुमच्यासाठी नंतरची.

स्नेहलता
बरं. हे माहीत नव्हतं. प्लंबरला उद्याच बोलावते.

सीताबर्डी_एक्स्प्रेस
भाऊ, मी वेगावरच लावून पाहिलं, पण उन्हाळ्यात दुसरंच होऊन राहिलं. बेडरूममधला कूलर सुरू केला अन् बाथरूमचं दार उघडं असलं की धाडकन पंखा लागते. कोणी अंघोळ करत नाही, काही नाही. दुपारभर लागते, बंद होते, पुन्हा लागते.

अजनी_२३०व्होल्ट
मला हाच मुद्दा मांडायचा होता. सापेक्ष आर्द्रतेचा वेग दोन ठिकाणी फसवतो.

पहिलं म्हणजे तापमान. ४० अंशांची, २० टक्क्यांची हवा एक थेंबही न मिळता नुसती ३० अंशांपर्यंत थंड झाली, तर तीच सुमारे ३५ टक्के दाखवते. वाफ तेवढीच, आकडा मात्र १५ ने वर. कूलरच्या हवेत गारवा आणि ओल दोन्ही असतात, म्हणून बाथरूमचा सेन्सर इतका उसळतो.

दुसरं उलट आहे आणि जास्त त्रासाचं आहे. पावसाळ्यात घरातल्या चारपाच जणांच्या अंघोळी पाठोपाठ होतात. पहिलीनंतरच बाथरूम ९७ वर. त्यानंतर कोणी कितीही गरम पाणी घेतलं तरी आकडा चढून चढून ९८-९९, वेग जवळजवळ शून्य. मधल्या वेळात पंखा थांबला असेल तर पुन्हा लागणारच नाही. पण २७ अंशांना ९७ टक्के म्हणजे घनमीटरला साधारण २५ ग्रॅम पाणी, आणि ३० अंशांना ९८ टक्के म्हणजे जवळपास ३० ग्रॅम. आकडा एकने हलला आणि हवेत पाच ग्रॅम वाफ वाढली!

म्हणून माझं मत असं की वेगाचा नाद सोडा. एक सेन्सर बाथरूममध्ये, एक हॉलमध्ये ठेवा. दोन्हीकडे ग्रॅम काढा. बाथरूममध्ये हॉलपेक्षा तीन ग्रॅम जास्त झाले की चालू, एकच जास्त उरला की बंद. ऋतू आपोआप वजा होतो आणि पंखा थांबवण्याचा प्रश्नही त्यातच सुटतो.

रेशीमबागकर
ग्रॅमचा मुद्दा शंभर टक्के मान्य. ईएसपीहोममध्ये `absolute_humidity` तयार मिळतं, तापमान आणि आर्द्रता दिली की ग्रॅम देतं. `derivative` ला तोच स्रोत द्यायचा. रेघ मिनिटाला अर्ध्या ग्रॅमपासून सुरू करून आपल्या घरच्या आलेखावर जुळवायची. नुसत्या गारव्याने मग फसगत होत नाही आणि ९७ वरची अंघोळही दिसते.

पण हॉलशी तुलना नागपूरच्या उन्हाळ्यात मला धोक्याची वाटते. कूलर चालू असताना हॉल ३० अंश आणि ६५ टक्के, म्हणजे जवळपास २० ग्रॅम. बंद बाथरूम ३६ अंश आणि २२ टक्के, म्हणजे ९ ग्रॅमच्या आसपास. बाथरूम हॉलपेक्षा ११ ने कोरडं आहे. तुमचे तीन ग्रॅम जास्त व्हायला आधी हे ११ भरून निघायला हवेत. एका अंघोळीत ते होईलच असं नाही.

अजनी_२३०व्होल्ट
मग दुसरा सेन्सर कूलरच्या वाऱ्याबाहेर ठेवा, जिन्यात वगैरे. आणि मेमध्ये पंखा नाही लागला तर बिघडलं काय? बाहेर एवढी कोरडी हवा असताना फरशी अर्ध्या तासात सुकते. बुरशीचा प्रश्न जुलै ते सप्टेंबरचा. व्यवस्था त्या महिन्यांसाठी बसवायची.

रेशीमबागकर
मेमध्ये नाही लागला तर चालेल, यावर वाद नाही. पण पंख्यात हवा बाथरूमच्या दाराखालून येते, म्हणजे बेडरूममधून. जिन्याची हवा तिथे नसतेच, मग जिन्याशी तुलना कशाला?

मूळ प्रश्नात पंखा बंद करण्याचंही होतं. चढ थांबला म्हणजे ओल गेली, असं समजू नका. शॉवर चालू असताना पाचसहा मिनिटांत आकडा वर जाऊन स्थिरावतो आणि तेव्हा वेग शून्य असतो. वेग उतरला की पंखा बंद, असं लिहिलं तर ऐन वाफेत बंद होईल. वेग फक्त चालू करायला वापरा. पंखा लागला त्या क्षणाच्या दहा मिनिटं आधीची पातळी एका `input_number` मध्ये ठेवा. त्या क्षणाची ठेवू नका, कारण तोवर तीन मिनिटांची वाफ आत मिसळलेली असते. समजा ती पातळी २३ ग्रॅम होती. हवा २४ च्या खाली येऊन पाच मिनिटं राहिली की बंद. पंखा फिरत असेपर्यंत ही साठवलेली पातळी बदलायची नाही, म्हणजे पाठोपाठच्या अंघोळींना तीच लागू राहते. आणि ४५ मिनिटांची कमाल मर्यादा, जी पुन्हा चढ दिसला की नव्याने सुरू व्हावी. तेवढ्यात बाहेर सर आली आणि हवा २५ ला गेली तर २४ कधीच येणार नाही, तेव्हा हे घड्याळच पंखा थांबवतं. इथे काकांचं बरोबर.

टायमरवाले काका
म्हणजे शेवटी घड्याळ आलंच. माझं मत तेच राहील. ३० वॉटचा पंखा चोवीस तास चालला तरी पाऊण युनिटच्या आत जातो. त्यासाठी दोन सेन्सर आणि पानभर लिखाण मला जड वाटतं. घरात दुसऱ्या कोणाला ते दुरुस्त करता आलं पाहिजे. आणखी एक, रिले बाथरूमच्या बाहेरच्या बोर्डात ठेवा आणि हाताचं बटण कायम चालू राहू द्या. आत फक्त सेन्सर, तोही शॉवरच्या फवाऱ्यापासून लांब.

सीताबर्डी_एक्स्प्रेस
पण मले एक सांगा, कूलर चालू असताना बाथरूमचा पंखा लागला तर वाईट काय आहे? कूलरले हवा बाहेर जायला वाट लागतेच. पंखा लागला की बेडरूममधला चिकचिकाट कमी वाटते. ग्रॅमवर नेलं तरी कूलरची ओल तर खरीच आहे, म्हणजे तो लागणारच.

रेशीमबागकर
हो, लागणार. ग्रॅमने फक्त गारव्याची फसगत जाते. तुमच्याकडे खिडकी बंद ठेवून कूलर चालवत असाल तर मी तो पंखा लागूच देईन. सारखं चालू-बंद होणं तेवढं थांबवा, एकदा लागला की किमान १५ मिनिटं.

मनीषनगरकर
सध्या ग्रॅमचा वेग, आधीची पातळी आणि ४५ मिनिटं असं बसवलंय. सकाळच्या तिन्ही अंघोळींत पंखा पहिल्यालाच लागला आणि तिसरीनंतर अर्ध्या तासाने थांबला. एक गोष्ट दिसली ती सांगतो. दार घट्ट बंद असताना पंखा फिरूनही आकडा उतरतच नव्हता, दार दोन बोटं उघडल्यावर पाच मिनिटांत खाली आला. दाराखाली फट नाहीये, ती कापून घेतो.

अजनी_२३०व्होल्ट
फट नक्की कापा, हवा आत आली नाही तर पंखा बाहेर काय फेकणार? बाकी, तीन अंघोळींवरून मी मत बदलत नाही. हॉलमध्ये सेन्सर ठेवून दोन्ही आलेख सप्टेंबरपर्यंत एकत्र साठवा, आणि पुढच्या मेमध्ये कूलर चालू असतानाचा इथे टाका.