महाद्वार रोडच्या दुकानात चप्पल जांगड ठेवायचीय, शेठना नेमकं काय सांगू? मदत हवी आहे

सुभाषनगरचा_कारागीर
नमस्कार मंडळी, आमचं घरचं कोल्हापुरी चपलांचं काम आहे, जीएसटी नंबरपण आहे. आजवर माल रोखीनं नाहीतर महिन्याच्या उधारीवर द्यायचो, पण महाद्वार रोडवरचे एक शेठ म्हणतात नवीन डिझाईन चालतील का नाही माहीत नाही, पैसे घालून घेणार नाही. म्हणून मीच म्हटलं जांगड ठेवा, विकेल तसे पैसे द्या, तर ते तयार झाले आणि म्हणाले काय ते लिहून आणा. ६ डिझाईन, प्रत्येकी ८ जोड, असे ४८ जोड द्यायचे ठरवलेत. मागं एका दुकानात असाच माल तोंडी बोलीवर ठेवला होता, सहा महिन्यांनी आणायला गेलो तर अर्ध्या जोडांवर बुरशी आलेली, दोन जोडांत डावा पाय सातचा आणि उजवा आठचा, आणि पैशाचं विचारलं की "बघून सांगतो". परत तसं व्हायला नको. न विकलेला माल, हिशेब आणि पैशाची तारीख, या तिन्हींचं काय लिहू?

गूळवाला_शाहूपुरी
भावा देऊ नकोस. मी काकवीच्या बाटल्या ठेवल्या होत्या एका दुकानात, तारीख संपल्यावर परत घेऊन जा म्हणाले. दुकानदार फुकट माल मागायला लागला की हात जोडायचे.

सुभाषनगरचा_कारागीर
दादा, त्यांनी मागितला नाही, मीच देतोय. रोखीनं ते घेणारच नाहीत.

जुना_हिशेबनीस
मी पस्तीस वर्षं दुकानांचे हिशेब लिहिलेत म्हणून सांगतो, सगळ्यात आधी दर लिहा, टक्के लिहू नका. समजा चपलेवर किंमत १५०० आहे आणि रोखीत तुम्ही ९०० ला देता, तर जांगडीत १०५० घ्या, कारण शेठचे पैसे अडकत नाहीत, तुमचे अडकतात. "विक्रीच्या ७० टक्के" लिहिलंत आणि त्यांनी गिऱ्हाईकाला २०० सोडले तर त्यातले १४० तुमच्या खिशातनं जातात. जोडीमागं १०५० लिहिलं की सूट त्यांची त्यांनी बघायची.

दुसरं म्हणजे किती विकले हे शेठला विचारायचं नाही, शिल्लक मोजायची. दर महिन्याच्या १ तारखेला तुम्ही स्वतः जा, त्यांच्या माणसासमोर डिझाईन आणि साईजवार मोजा, दोघांची सही घ्या. समजा ४८ दिले, मधे १२ अजून दिले, आणि मोजले तर ३५ निघाले, म्हणजे २५ गेले. शेठच्या वहीत २२ असतील तर ते ३ कुठं गेले हा वाद घालत बसायचं नाही, "मोजणीत नसलेला जोड विकला असं धरलं जाईल" एवढं एक वाक्य आधीच लिहून ठेवा. नाहीतर महिन्याला ३१५० रुपये हवेत जातात. पैसे त्याच मोजणीवर १० तारखेपर्यंत, आणि आधीचे आल्याशिवाय नवीन जोड द्यायचे नाहीत.

राजारामपुरी_७वी_गल्ली
जीएसटीचं टेन्शन घेऊ नका, विकेपर्यंत बिल करायचंच नसतं, नुसत्या चलनावर माल जातो.

जुना_हिशेबनीस
अर्धं बरोबर आहे. चलनावर जातो, पण माल निघाल्यापासून सहा महिने झाले की विको न विको, बिल करावं लागतं आणि कर भरावा लागतो. म्हणून मुदत सहा महिन्यांच्या आतच ठेवा, आणि प्रत्येक लॉटचं चलन वेगळं करा, नाहीतर कुठला जोड कधी गेला ते सापडत नाही.

ऋतुजा_लक्ष्मीपुरी
आमचं स्वतःचं चपलांचं दुकान आहे, त्यामुळे दुसऱ्या बाजूनं सांगते. सहा महिन्यांच्या आतली मुदत वगैरे ठीक आहे, पण ६ आणि १० नंबर राहतातच हो, मधले साईज आधी संपतात आणि मग फळीवर तुटका माल दिसतो. दर महिन्याला मोजायला याल तेव्हाच न चालणारे साईज बदलून द्या, शेठ खूश राहतील. आणि पावसाळ्याआधी, मे अखेरीला, उरलेला सगळा माल उचला. कातड्याला दमट हवा लागली की बुरशी येते, मग चूक कुणाची हे ठरतच नाही.

सुभाषनगरचा_कारागीर
हे लई कामाचं सांगितलंत ताई. मग असं लिहितो, परत येणारा जोड एकाच साईजचा, न घातलेला, डाग नसलेला पाहिजे, नाहीतर तो विकला धरायचा. देतानाच तळाला आतल्या बाजूनं दोन्ही पायांवर एकच नंबर मारतो, म्हणजे अदलाबदल लगेच कळंल. फक्त एक राहिलं, काचेत मांडलेले सहा जोड उन्हानं रंग उडून जाणार, ते कुणाचे?

ऋतुजा_लक्ष्मीपुरी
आमच्याकडं मांडणीचे जोड कारागीरच सोसतो.

जुना_हिशेबनीस
मी तरी निम्मे निम्मे लिहिलं असतं. ताईंच्या दुकानात चालतं म्हणून महाद्वारला चाललंच पाहिजे असं नाही, शेठशी बोलून बघा.

सुभाषनगरचा_कारागीर
बघतो. सोमवारी कागद घेऊन जातोय, काय म्हणतात ते इथंच लिहितो.